मेंबरशिपची पहिली पायरी स्वस्त, पण बिनकष्टाची ठेवा

यूट्यूबवर पाककृतींचं चॅनेल आहे असं धरा. २९ रुपयांच्या मेंबरशिपमधून जीएसटी आणि यूट्यूबचा ३० टक्के वाटा वजा जाता हाती साधारण १७ रुपये पडतात. त्यात प्रत्येकाला वैयक्तिक उत्तर देऊ लागलात तर स्वयंपाक कधी करणार? इथे फक्त बॅज आणि इमोजी द्या. प्रेमापोटी येणाऱ्याला तेवढं पुरतं. वेळखाऊ गोष्टी, म्हणजे महिन्यातून एकदा लाइव्ह शंकानिरसन, १५९ च्या पायरीवर ठेवा. खालच्या पायरीचे फायदे वरच्यांना आपोआप मिळतातच.

आधी फुकट असलेले व्हिडिओ मात्र कुलूपबंद करू नका. अधूनमधून डोकावणारा प्रेक्षक त्यानेच दुरावतो. फार तर नवीन पाककृती सभासदांना दोन दिवस आधी दाखवा, मग सगळ्यांसाठी खुली करा.