मोडी कागदाचा फोटो आणि मॉडेल: साचा मिळेल, नावे तपासावी लागतील

पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, गावठाणातल्या वाड्यांचे माळे, निफाड-दिंडोरीकडच्या घरांतल्या लोखंडी पेट्या. नाशिक जिल्ह्यात मोडीतला कागद निघतो तो बहुधा अशा ठिकाणी. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध मोठ्या प्रमाणावर सुरू झाला आणि अशा कागदांचे फोटो घरोघर फिरू लागले. आता बरेच जण तो फोटो सरळ एखाद्या एआय मॉडेलला देतात आणि क्षणात आलेले मराठी वाचून चकित होतात. तो मजकूर अस्खलित असतो, जुन्या धाटणीचा असतो आणि पुष्कळदा त्यातला निम्माअधिक कागदावर नसतोच.

असे होण्याचे कारण साधे आहे. पेशवेकाळातली हजारो पत्रे आणि दस्त देवनागरीत छापले गेले आहेत. त्यामुळे ‘कारणे खत लिहून देतो ऐसे जे’ यापुढे काय येते, हे मॉडेलला पाठ असते. मोडी अक्षरांची ओळख मात्र तुटपुंजी. संगणकाच्या युनिकोड संचात मोडीला जागा मिळाली तीच २०१४ मध्ये. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये MoDeTrans नावाचा संच मांडला. त्यात मोडी कागदांची २,०४३ चित्रे आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर आहे. या क्षेत्रात ते मोठेच काम, पण छापील देवनागरीवर मॉडेल जेवढे पोसले जाते त्यापुढे मूठभर. म्हणून अक्षर कळले नाही की मॉडेल साच्यातून शब्द उचलते. साचा तेवढा बरोबर येतो. आपण ज्यासाठी कागद उघडला ती नावे, गाव, रक्कम आणि साल मात्र साच्यात नसतात. चुका तिथेच होतात.

हे धरूनच पुढच्या पायऱ्या आखल्या आहेत. उदाहरण इंग्रजी अमदानीतल्या एका खरेदीखताचे घेऊ, शके १८१५ चे. त्यातली नावे नमुन्यादाखल आहेत.

पायरी १: फोटो

कागद खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, असा सपाट ठेवा. फ्लॅश बंद. पाठीमागची शाई पुढे दिसत असेल तर कागदाखाली काळा कागद सरकवा, मागची अक्षरे बरीच फिकी पडतात. घड्या हाताने दाबून उलगडू नका. जुना कागद घडीवरच तुटतो, आणि तुटते ती नेमकी एक ओळ. मोबाइलमधले ‘स्कॅन’ करणारे काळे-पांढरे फिल्टर वापरू नका. त्यात पुसट मात्रा उडतात आणि वाळवीचे डाग अक्षरांसारखे ठळक होतात.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो तुकडे पाडल्याने. अनेक सेवा मोठा फोटो आत घेताना तो लांबीच्या बाजूने दीड-दोन हजार पिक्सेलपर्यंत लहान करतात. आपला कागद ३३ सेंटिमीटर लांब आहे आणि फोटोत ती लांबी ४,००० पिक्सेलची आहे असे धरा. चार मिलिमीटर उंचीचे अक्षर मूळ फोटोत साधारण ४८ पिक्सेलचे असते. अख्खे पान देऊन ते १,५०० वर आले, की तेच अक्षर १८ पिक्सेलचे उरते. बोरूच्या वळणातला फरक एवढ्यात दिसत नाही. म्हणून संपूर्ण पानाचा एक फोटो स्वतःजवळ ठेवा आणि मॉडेलला एका वेळी दोन ओळी, त्याही अर्ध्या रुंदीच्या, कापून द्या. अर्ध्या ओळीचा तुकडा १,३०० पिक्सेलच्या आत बसतो, त्यामुळे तो लहान होत नाही. दोन तुकड्यांत एक-दोन शब्द सामाईक राहू द्या. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ओळ शब्दाच्या मध्येच संपते, म्हणून कापलेला शब्द कुठला ते कळायला हा सामाईक भाग लागतो.

पायरी २: काय विचारायचे

‘याचा अर्थ सांगा’ असे विचारले की मॉडेलला गोष्ट रचायला मोकळे रान मिळते. लिप्यंतर तेवढे मागा. असे काहीसे:

‘या चित्रात मोडी लिपीतल्या दोन ओळी आहेत. प्रत्येक ओळीचे देवनागरी लिप्यंतर वेगळ्या ओळीत द्या. न कळलेल्या अक्षराच्या जागी [?] लिहा. शुद्धलेखन सुधारू नका, मजकूर पूर्ण करू नका.’

शेवटचे वाक्य विसरू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि अनुस्वार पुष्कळदा गाळलेला असतो. मॉडेल ते गुपचूप सुधारते आणि मग मूळ काय होते ते कळेनासे होते.

आणखी एक पथ्य, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. आपल्याला काय सापडायला हवे आहे ते सांगू नका. ‘यात कुणबी नोंद आहे का?’ असे विचारले की दस्तात ‘जात’ या शब्दापुढे ‘कुणबी’ येण्याची शक्यता मॉडेलच्या लेखी एकदम वाढते, कागदावर काहीही असो. आडनाव आधी सांगितले तरी तेच होते.

पायरी ३: मॉडेल वाचते आहे की रचते आहे

तोच तुकडा तीन वेळा, दर वेळी नव्या संवादात द्या. जुन्याच संवादात परत विचारलेत तर मॉडेल आधीचे उत्तर गिरवते. आपल्या खरेदीखताच्या एका तुकड्याची उत्तरे अशी आली असे समजा:

पहिल्यांदा: ‘रामजी बिन तुकोजी जात कुणबी राहणार मौजे चांदोरी ता॥ निफाड’

दुसऱ्यांदा: ‘रावजी बिन तुकोजी जात मराठे राहणार मौजे चांदवड ता॥ निफाड’

तिसऱ्यांदा: ‘रावजी बिन लखोजी जात कुणबी राहणार मौजे चांदोरी ता॥ निफाड’

‘बिन’, ‘जात’, ‘राहणार मौजे’, ‘ता॥’ तिन्ही वेळा जागच्या जागी आहेत. तेवढे धरून चाला. गावाचे कोडे भूगोलाने सुटते: चांदवड हा स्वतंत्र तालुका आहे आणि निफाड तालुक्यात चांदोरी आहे, म्हणून ‘चांदोरी’कडे झुकायला हरकत नाही. तरी तीही अक्षराने पटायची आहे. व्यक्तीचे नाव, बापाचे नाव आणि जात मात्र अजून वाचलेली नाही असेच समजायचे. तीनपैकी दोनदा ‘कुणबी’ आले म्हणून ते बहुमताने ठरत नाही. मॉडेलची ओढ ज्या शब्दाकडे असते, तोच शब्द जास्त वेळा येतो.

दुसरी खूण लांबीची. तुकड्यात वीस-बावीस अक्षरे दिसत असताना उत्तरात चाळीस आली, तर उरलेली रचलेली आहेत. मोडीत अक्षरे एकमेकांत गुंततात, त्यामुळे मोजणी तंतोतंत होत नाही, पण दुपटीचा फरक सहज दिसतो.

तिसरी कसोटी थोडी खोडसाळ आहे, पण कामाची. ज्याचे वाचन आधीच छापलेले आहे असा एखादा मोडी कागद घ्या, त्याच पद्धतीने तुकडे करून द्या आणि उत्तर छापील वाचनाशी ताडून पाहा. मोडी शिकवणाऱ्या पुस्तकांत असे नमुने असतात. मात्र फार प्रसिद्ध पत्र नको, ते मॉडेलला पाठ असू शकते. आपल्या कागदाच्या काळाचे आणि वळणाचे निवडा. पेशवेकालीन रेखीव अक्षर वाचणारे मॉडेल इंग्रजी काळातल्या घाईच्या, गिचमिड अक्षरावर सपशेल आपटू शकते.

पायरी ४: साल आणि रक्कम

इथे नवशिक्यालाही स्वतः पडताळता येते, कारण मोडीतले आकडे बाळबोध आकड्यांच्या बरेच जवळचे आहेत. शिवाय जुन्या दस्तात साल बहुधा दोन तऱ्हांनी दिलेले असते, शकाचा आकडा आणि संवत्सराचे नाव. समजा मॉडेलने ‘शके १८१५ जयनाम संवत्सरे’ असे दिले. शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा. १८२७ ला ६० ने भागल्यावर बाकी २७ उरते. प्रभवपासून मोजल्यास सत्ताविसावे संवत्सर विजय, जय हे अठ्ठाविसावे. म्हणजे आकडा तरी चुकला आहे किंवा नाव तरी. आता फोटोत फक्त तेवढी जागा मोठी करून पाहायची: शेवटचा आकडा ५ आहे की ६, आणि ‘जय’च्या आधी एखादे अक्षर आहे का. इथे ‘वि’ सुटलेला निघाला तर शके १८१५ पक्के. शकात ७८ मिळवले की इसवी सन १८९३. तिथी पौष-माघ-फाल्गुनातली, म्हणजे जानेवारी उजाडल्यानंतरची असेल, तर ७९ मिळवून १८९४.

रकमेत फसवते ती दुहेरी उभी रेघ. आकड्यापुढे ॥ आले तर तो अर्धा, म्हणजे ७५॥ हे साडेपंचाहत्तर. एकच रेघ म्हणजे पाव, तीन म्हणजे पाऊण. अक्षरापुढे तीच खूण आली की तो संक्षेप असतो, जसे तालुक्यासाठी ‘ता॥’. मॉडेल दोन्हींची गल्लत करते, कधी तर तिला पूर्णविराम समजून वाक्यच तोडते. खरेदीखतात रक्कम आकड्यात आणि अक्षरी अशी दोनदा असते, ती दोन्हीकडे जुळते का पाहा.

पेशवेकाळातला कागद असेल तर शकाऐवजी अरबी शब्दांतला शुहूर सन येतो. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे पाच, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७५. त्यात ५९९ मिळवून सन १७७४ येते. ते वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. यातला एखादा शब्द मॉडेलने मराठी नावासारखा वाचला, तर सालही जाते आणि नसलेला एक माणूसही कागदात येतो.

पायरी ५: चतुःसीमा आणि नावे

चतुःसीमेत ‘पूर्वेस’, ‘पश्चिमेस’, ‘दक्षिणेस’, ‘उत्तरेस’ हे चार शब्द मॉडेल सहसा अचूक दाखवते आणि त्याचा खरा उपयोग इथेच आहे. फोटोवर त्या चार जागांना खूण करा, म्हणजे शेजाऱ्यांची नावे नेमकी कुठे आहेत ते कळते. हीच युक्ती ‘बिन’ या शब्दाला लावा. त्याच्या अलीकडे मुलगा, पलीकडे बाप. बाईचे नाव असेल तर ‘कोम’च्या पलीकडे नवऱ्याचे.

ही नावे अक्षरे लावून स्वतः वाचायचा प्रयत्न करा. मोडीची बाराखडी समोर ठेवा, पण एक लक्षात असू द्या: र आणि उकार शेजारच्या अक्षरानुसार रूप बदलतात, त्यामुळे तक्त्यातले एकटे अक्षर कागदावर तसेच सापडेलच असे नाही. त्यापेक्षा त्याच कागदातला पक्का वाचलेला शब्द वापरा. ‘रुपये’ आणि ‘तालुके’ कुठे आहेत हे ठाऊक झाले, की त्या लेखकाच्या हातचे रु, प, ये, ता, लु, के मिळतात. शंकेचे अक्षर त्यांच्याशी ताडून पाहायचे. रामजी की रावजी हे ठरवायला त्याच कागदातला निर्विवाद म आणि व शोधा.

जमिनीचा वाद, वारसा किंवा जातीचा दाखला यांसाठी कागद हवा असेल, तर मॉडेलचे लिप्यंतर कुठेही जोडू नका. तिथे मूळ नोंदीची प्रमाणित नक्कल आणि जाणकार मोडीवाचकाने केलेले लिप्यंतर लागते. कागदात घरच्या मिळकतीचा तपशील असेल, तर तो बाहेरच्या सेवेला पाठवायचा की नाही, हेही आधी घरात ठरवा.

मोडीवाचकाकडे जाताना मूळ कागद, संपूर्ण पानाचा फोटो आणि खुणा केलेले तुकडे न्या. पक्के वाटलेले शब्द, शंकेची नावे आणि साल-रकमेचा हिशेब एका कागदावर लिहून ठेवा, पण मॉडेलचे वाचन लगेच दाखवू नका. आधी त्यांना शंकेच्या जागा स्वतंत्रपणे वाचू द्या, मग ताडून पाहा. जाणकाराच्या डोळ्यांपुढेही एकदा ‘रामजी’ ठेवले की ‘रावजी’ दिसायला वेळ लागतो.