बीओडी चाचणी: पाचव्या दिवशीच्या 'शून्या'वर गणित करू नका

बीओडी म्हणजे पाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन. तो मोजण्याच्या प्रात्यक्षिकात सर्वांत फसवी चूक ही अनुमापनातली नसून सांडपाणी किती विरल करायचे, या निर्णयातली असते. घरगुती सांडपाण्याचा एक नमुना घेऊ. एका विद्यार्थ्याने 300 मिलीच्या बाटलीत 30 मिली नमुना घेतला आणि उरलेली जागा विरलनाच्या पाण्याने भरली. पहिल्या दिवशी विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, लिटरला 8.4 मिग्रॅ होता; 20 अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवल्यावर तो शून्य आला. विद्यार्थ्याने 8.4 ला 0.1 ने भागून बीओडी 84 असा लिहिला.

आकडा विश्वासार्ह दिसतो, पण तो चुकीचा आहे. बाटलीतला ऑक्सिजन कदाचित दुसऱ्याच दिवशी संपला असेल आणि त्यानंतर जीवाणूंची मागणी मोजायला काही उरलेच नसेल. म्हणून 84 चा अर्थ 'किमान 84' एवढाच होतो. त्याच नमुन्याचे 6 मिली घेतलेल्या बाटलीत डीओ 8.6 वरून 5.0 वर आला. फरक 3.6, नमुन्याचे प्रमाण 0.02, म्हणून बीओडी लिटरला 180 मिग्रॅ, म्हणजे आधीच्या उत्तराच्या दुपटीहून अधिक.

मग नमुना आणखी कमी घेतला तर? 1.5 मिलीच्या बाटलीत डीओ केवळ 1.0 ने घटला आणि उत्तर 200 आले. येथे डीओमधली 0.1 ची चूक उत्तरात 20 ची होते, तर 6 मिलीच्या बाटलीत तीच चूक 5 ची ठरते. म्हणूनच डीओ किमान 2 मिग्रॅने घटलेला आणि शेवटी किमान 1 मिग्रॅ उरलेला असेल, तरच ती बाटली ग्राह्य धरतात. नमुना अनोळखी असेल तर तीन वेगवेगळी विरलने एकाच वेळी लावावीत; एकच बाटली लावून पाच दिवस वाट पाहणे हा निव्वळ जुगार आहे.

ऑक्सिजन संपल्याची खूण ब्युरेट हाती घेण्याआधीच दिसते. मॅंगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड-ॲझाइड घातल्यावर साका तपकिरी न होता पांढराच राहिला, तर त्या बाटलीत ऑक्सिजन नाही.

याउलट, अपेक्षेपेक्षा घट कमी आली तर आधी बाटली तपासा. बुचाखाली बुडबुडा राहिला असेल, किंवा बुचाभोवतीचे पाणी आटून हवा आत शिरली असेल, तर त्यातला ऑक्सिजन पाण्यात विरघळत राहतो. बाटली उजेडात राहिल्यास शैवाल प्रकाशसंश्लेषणाने ऑक्सिजन तयार करतात, आणि नमुन्यात क्लोरीन उरले असल्यास ऑक्सिजन वापरणारे जीवाणूच मरतात. केवळ विरलनाचे पाणी भरलेल्या बाटलीतही पाच दिवसांत 0.2 मिग्रॅपेक्षा जास्त घट दिसली, तर दोष नमुन्यात न शोधता त्या पाण्यात किंवा नीट न धुतलेल्या बाटल्यांत शोधावा.