मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंग प्रवेश: एजंट आणि डोनेशनच्या जाळ्यात अडकवणाऱ्या चुका

सीईटीचा निकाल लागला की दोन-तीन दिवसांत पालकांचे फोन वाजू लागतात. समोरचा माणूस मुलाचं नाव, पर्सेंटाइल, कधी कधी अर्ज क्रमांकसुद्धा सांगतो. "मॅनेजमेंट कोट्यातली सीट आहे, आत सेटिंग आहे, आज पन्नास हजार टोकन दिलं तर बुक होईल." एवढी माहिती आहे म्हणजे कॉलेजचाच माणूस असणार, असं पालकांना वाटतं. फसण्याची सुरुवात इथेच होते. नाव, नंबर आणि गुण एखाद्या क्लासच्या यादीतून किंवा ऑनलाइन भरलेल्या चौकशीच्या फॉर्मवरूनही बाहेर जातात. त्यावरून त्या माणसाचा कॉलेजशी संबंध सिद्ध होत नाही.

महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांपुरतंच इथे बोलू, कारण फसवणूक होते ती 'संस्था स्तरावरच्या जागा' या एका शब्दाभोवती, आणि तो शब्द नीट समजला की बरेचसे डाव उघडे पडतात.

पहिली चूक: कोट्याची जागा म्हणजे विकत मिळणारी जागा असं धरून चालणं

अशा कॉलेजातल्या बहुतांश जागा सीईटी कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून भरल्या जातात. उरलेला छोटा भाग संस्था स्तरावर भरतात, त्यालाच लोक मॅनेजमेंट कोटा म्हणतात. या जागांनाही नियम आहेत. संस्थेने जागा जाहीर करायच्या, अर्ज मागवायचे, आलेल्या अर्जांची गुणवत्ता यादी लावायची आणि त्या क्रमाने प्रवेश द्यायचे. शिवाय झालेल्या प्रत्येक प्रवेशाला प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. नियम मोडून दिलेला प्रवेश नंतर नामंजूर होऊ शकतो, आणि तो धोका एजंटाला नसतो, विद्यार्थ्याला असतो.

म्हणून पहिला प्रश्न एजंटाला न विचारता कॉलेजला विचारा: संस्था स्तरावरच्या जागांची जाहिरात कधी निघणार, अर्ज कुठे भरायचा, गुणवत्ता यादी कुठे लागणार? ज्या जागेला जाहिरात नाही, अर्ज नाही आणि यादीही नाही, तिचं 'बुकिंग' होतं कसं, याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

दुसरी चूक: एजंटाचा धंदा कसा चालतो हे न ओळखणं

बरेच एजंट काहीही न करता पैसे कमावतात. समजा, एकाने दहा मुलांकडून प्रत्येकी पन्नास हजार टोकन घेतलं. त्यातल्या चौघांना त्यांच्या गुणांवर कॅपच्या फेरीत किंवा संस्थेच्या गुणवत्ता यादीत तेच कॉलेज मिळणारच होतं. त्या चौघांना तो सांगतो, "काम झालं, उरलेली रक्कम द्या." बाकी सहा जणांना म्हणतो, "यंदा कटऑफ चढला," आणि थोडी रक्कम कापून उरलेली परत करतो, किंवा फोन उचलणं बंद करतो. चार कुटुंबं त्याला आयुष्यभर दुवा देतात आणि पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक तीच पाठवतात. त्यामुळे "आमच्या शेजाऱ्यांचं काम त्याने केलं होतं" हा पुरावा धरू नका.

यावर उपाय अर्ध्या तासाचा आहे. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर गेल्या वर्षीच्या प्रत्येक कॅप फेरीचे कटऑफ कॉलेज, शाखा आणि प्रवर्गानुसार मिळतात. पहिल्या फेरीचाच आकडा पाहून निराश होऊ नका, शेवटच्या फेरीचाही पाहा, कारण दोन्हींत बराच फरक पडू शकतो. मुलाचे गुण शेवटच्या फेरीच्या आकड्याच्या वर किंवा जवळपास असतील, तर एजंट कदाचित तुमचीच जागा तुम्हाला विकतो आहे.

तिसरी चूक: लॉगिन दुसऱ्याच्या हातात देणं

"फॉर्म आम्ही भरतो, पासवर्ड आणि ओटीपी द्या." ही मागणी मान्य केली की विकल्पांचा क्रम, मिळालेली जागा स्वीकारणं, ती गोठवणं, सगळं त्याच्या हातात जातं. ज्या कॉलेजकडून त्याला कमिशन मिळतं, ते विकल्पांत पहिल्या क्रमांकावर टाकलं की पुढच्या फेऱ्यांत चांगलं कॉलेज मिळण्याची वाट बंद होते, कारण पहिल्या क्रमांकाचा विकल्प मिळाल्यावर तो आपोआप गोठतो. पासवर्ड आधीच दिला असेल तर आजच बदला, नोंदवलेला मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना ते पाहा आणि विकल्पांची यादी स्वतः उघडून वाचा. जागा मिळाल्याचं पत्र व्हॉट्सअॅपवर आलं तर त्याला महत्त्व देऊ नका. ते पत्र तुमच्या लॉगिनमध्ये दिसलं तरच खरं.

चौथी चूक: फीचा एकच मोठा आकडा ऐकून होकार देणं

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी 2015 च्या राज्य कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. संस्थेचं नाव, अभ्यासक्रम आणि शैक्षणिक वर्ष निवडलं की मंजूर फी त्याच्या संकेतस्थळावर पाहता येते. शिकवणी शुल्क आणि विकास शुल्क मिळून तो आकडा होतो. वसतिगृह, मेस, बस आणि विद्यापीठाची परीक्षा फी त्याबाहेर असू शकते, पण त्यांचाही दर आणि पावती वेगळी असायला हवी.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. एका कॉलेजचं मंजूर शिकवणी शुल्क 1,20,000 आणि विकास शुल्क 12,000, म्हणजे एकूण 1,32,000 रुपये. एजंट पुढचा हिशेब देतो: फी 1,32,000, विकास निधी 1,50,000, लॅब व संगणक 20,000, आणि 'मॅनेजमेंटला' 1,50,000 रोख. एकूण 4,52,000.

आता ओळीओळीने तपासा. विकास शुल्क 1,32,000 मध्ये आधीच आहे, तेव्हा 'विकास निधी' म्हणजे त्याच नावाने दुसऱ्यांदा घेतलेले पैसे. लॅब आणि संगणक हा तर शिकवण्याचाच खर्च, तो मंजूर फीबाहेर घेण्याचा आधार संस्थेने लेखी दाखवायला हवा. 'मॅनेजमेंटला' या ओळीची पावती मिळणारच नाही, किंवा मिळाली तर कुठल्या तरी ट्रस्टच्या नावाची 'देणगी पावती' मिळेल. कॅपिटेशन फी घेण्यास मनाई करणारा राज्याचा 1987 चा कायदा नावाकडे पाहत नाही. ठरवून दिलेल्या किंवा मंजूर फीपेक्षा जास्त घेतलेली रक्कम, मग ती रोख असो वा वस्तुरूपात, कॅपिटेशन फीच धरली जाते. खरी देणगी संस्थेला घेता येते, पण तिच्या बदल्यात जागा राखून ठेवता येत नाही. जागेसाठी मागितलेली देणगी ही देणगी राहतच नाही.

आणखी एक नुकसान या हिशेबात दिसतच नाही, आणि एजंट ते सांगणारही नाही. खुल्या प्रवर्गातल्या ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे आणि इतर अटी बसतात, त्या विद्यार्थ्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काचा अर्धा भाग मिळतो. 2024-25 पासून याच उत्पन्नमर्यादेत ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिकवणी आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. पण या सवलती कॅपमधून झालेल्या प्रवेशाला आहेत, संस्था स्तरावरच्या प्रवेशाला नाहीत. वरच्या उदाहरणात शाहू महाराज शिष्यवृत्तीचे वर्षाला 60,000 आणि चार वर्षांचे 2,40,000 रुपये बुडाले. हे सगळं मोजल्यावर, पसंतीत एक पायरी खालची शाखा किंवा कॉलेज घेऊन कॅपमधूनच जाणं बहुतेक घरांना शहाणपणाचं ठरतं.

मर्यादाही लक्षात ठेवा. अभिमत आणि खासगी विद्यापीठांची फी या प्राधिकरणाच्या यादीत नसते. तिथे विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची फी आणि कुलसचिव कार्यालयाचं लेखी उत्तर हाच आधार. एनआरआय जागांचा दरही वेगळा असू शकतो, म्हणून 'कोणत्या प्रकारची जागा' हे आधी विचारा.

पाचवी चूक: एजंटने दिलेल्याच नंबरवर खात्री करणं

"हे घ्या अॅडमिशन ऑफिसरचा नंबर." त्या नंबरवर बोलणारा त्याचाच माणूस असू शकतो. शोधात वर येणारे नंबरही खोटे निघतात. नंबर आणि ईमेल कॉलेजच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा सीईटी कक्षाच्या माहितीतून घ्या आणि तोंडी न विचारता ईमेल करा. मजकूर असा चालेल:

"माझ्या पाल्याला आपल्या संस्थेत अमुक शाखेत संस्था स्तरावर प्रवेश हवा आहे. 1) या शाखेत अशा किती जागा आहेत आणि अर्जाची मुदत काय? 2) शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी किती? 3) त्याव्यतिरिक्त कोणती रक्कम, कोणत्या शीर्षाखाली घेतली जाते? 4) अमुक व्यक्तीला आपल्या वतीने प्रवेश देण्याचा किंवा रक्कम घेण्याचा अधिकार आहे का? 5) फी कोणत्या खात्यात भरायची?"

चौथा प्रश्न वगळू नका. प्रामाणिक कार्यालय "असा कोणी अधिकृत प्रतिनिधी नाही" असं एका ओळीत लिहून देतं. लेखी काहीच न देता "या, समोरासमोर बोलू" असं उत्तर आलं तर सावध व्हा. मग प्रत्यक्ष जाऊन प्राचार्यांच्या नावाने अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.

पैसे भरताना खातं संस्थेच्याच नावावर हवं. एखाद्या व्यक्तीचं यूपीआय, 'कन्सल्टन्सी'चं खातं, वेगळ्याच ट्रस्टचं खातं, सगळ्यांना नकार द्या. पावतीवर अनुक्रमांक, विद्यार्थ्याचं नाव, वर्ष आणि प्रत्येक शीर्षाची रक्कम असायला हवी. मूळ गुणपत्रिका आणि दाखले पडताळणीनंतर परत घ्या. प्रवेश रद्द करता येऊ नये म्हणून ते अडकवून ठेवण्याचा संस्थेला अधिकार नाही, एजंटाला तर नाहीच. ठरलेल्या मुदतीत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून फी परत मिळते, त्यामुळे "एकदा भरली की गेली" ही धमकीही खोटी आहे.

पैसे आधीच गेले असतील तर

भांडण करण्याआधी पुरावा गोळा करा, कारण वाद झाला की चॅट पुसले जातात. संदेशांचे स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक, दिलेली पत्रं, बोलण्याच्या तारखा आणि रकमा एका कागदावर क्रमाने लिहा. यूपीआय किंवा ऑनलाइन बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा आणि cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत पैसे समोरच्या खात्यात अडवण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. एजंटविरुद्ध पोलिस ठाण्यात फसवणुकीची तक्रार होते, तिला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागू पडतं. कॉलेजने स्वतः जादा रक्कम मागितली असेल तर मंजूर फीचं पान आणि मागणीचा कागद किंवा ईमेल शेजारी जोडून शुल्क नियामक प्राधिकरणाकडे लिहा. गुणवत्ता यादी डावलून प्रवेश दिला असेल तर ती तक्रार प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे जाते. दोन्ही प्रकार घडले असतील तर दोन स्वतंत्र अर्ज करा. एकाच अर्जात सगळं कोंबलं तर दोन्ही कार्यालयं आपल्या कक्षेबाहेरचा भाग दाखवून तो परत पाठवू शकतात.