सहस्रचंद्रदर्शनासाठी आजीचा स्लाइडशो: फोटो कसे लावावेत, ओळी कशा लिहाव्यात

एक हजार पौर्णिमा व्हायला सुमारे २९,५३० दिवस लागतात, म्हणजे साधारण ८० वर्षे १० महिने. त्यामुळे सहस्रचंद्रदर्शन बहुतेक घरांत एक्याऐंशीव्या वर्षात करतात. पूजा आणि जेवण यांच्या मधल्या वेळात दाखवायचा स्लाइडशो पाच-सहा मिनिटांचा असावा. त्याहून लांबला की मागच्या रांगेत गप्पा सुरू होतात.

इथे उदाहरणादाखल एक आजी घेऊ. जन्म १९४५, माहेर फोंडा तालुक्यातलं, लग्न १९६७ मध्ये म्हापशाला, नोकरी मराठी प्राथमिक शाळेत, चार मुलं, सात नातवंडं.

गोळा करायला बसलं की पहिली अडचण लगेच दिसते. १९६७ पूर्वीचे फोटो जेमतेम तीन-चार आणि नातवंडांचे दोन हजार. म्हणून फोटो मोजून प्रकरणं पाडू नयेत, आणि दहा-दहा वर्षांचे कप्पेही करू नयेत. आयुष्य जिथे वळलं तिथे प्रकरण बदलतं. या आजीची पाच प्रकरणं होतात: माहेर, लग्न, शाळा, संसार, नातवंडं. फोटो अनुक्रमे ६, ५, ८, १८ आणि १५, एकूण ५२. प्रत्येकी सहा सेकंद धरले तर ३१२ सेकंद. पाच प्रकरणांच्या शीर्षकांना चार-चार सेकंद दिले की सारं साधारण साडेपाच मिनिटांत बसतं.

माहेरचे सहा फोटो नसतील तर जागा रिकामी सोडू नका. माहेरच्या घराची वसरी, अंगणातलं तुळशी वृंदावन, गावचं देऊळ आजही उभं असेल तर त्याचा आजचा फोटो घ्या आणि तो आजचा आहे हे खाली लिहा. शाळेचा दाखला, लग्नपत्रिका, आईच्या हातचं एखादं पत्र हेही फोटोच्या तोडीचं असतं. दाखल्यावरचे क्रमांक मात्र झाकून घ्या.

जुने फोटो स्कॅनरवर किंवा फोनमध्ये उतरवताना घाई महाग पडते. गोव्याच्या पावसाळी दमटपणात चिकट पानांच्या अल्बममधले फोटो पानाला घट्ट बसतात. ओढले तर वरचा थर सुटून येतो. असा फोटो पानासकटच उतरवा. फक्त वरचं प्लास्टिक अलगद उघडा, कारण चकाकी त्याचीच येते. प्लास्टिकही फोटोला चिकटलं असेल तर ते तसंच राहू द्या आणि अल्बम थोडा तिरका फिरवून चकाकी जाणारी जागा शोधा. पांढरी बुरशी ओल्या कापडाने पुसू नका, फोटोचा थर विरघळू शकतो. स्कॅनर असेल तर छोट्या फोटोंसाठी ६०० डीपीआय ठेवा: दोन बाय तीन इंचांच्या फोटोचे १२०० बाय १८०० बिंदू होतात आणि तेवढे पडद्याला पुरतात. स्कॅनर नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास वसरीवर सावलीत, फ्लॅश बंद करून, फोन फोटोला समांतर धरा. फोन तिरका झाला की चौकट एका बाजूला निमुळती दिसते, त्यावरून चूक ओळखता येते.

नातेवाइकांना फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे नव्हे, तर ‘Document’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखे पाठवलेले फोटो दाबले जातात आणि मोठ्या पडद्यावर चेहरे धूसर होतात. उतरवलेल्या फोटोला फाइलची तारीख आजची लागते, म्हणून तारखेप्रमाणे लावले तर १९६७ आणि २०२० शेजारी येतात. फाइलला स्वतः नाव द्या: `2_03_1967.jpg`, म्हणजे दुसरं प्रकरण, तिसरा फोटो, साल.

साल कसं ठरवायचं? आधी फोटोची पाठ बघा. स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीचं अक्षर सापडतं. बाईंचं नाव लग्नात बदललं असेल तर पाठीवर कुठलं नाव आहे यावरून फोटो आधीचा की नंतरचा हे कळतं. कोपऱ्यातल्या नारिंगी तारखेवर एकटीवर विसंबू नका, सेल बदलल्यावर कॅमेऱ्यातली तारीख पुष्कळदा चुकलेली असायची. आणि पणजी-बेती फेरीबोटीतला फोटो दिसला म्हणून तो मांडवीवरच्या पुलाआधीचा, असं ठरवू नका. ५ जुलै १९८६ ला तो पूल कोसळला आणि लोक पुन्हा फेरीवर आले. फोटो रंगीत असेल, आजीच्या कडेवर बाळ नसून शेजारी कॉलेजातला मुलगा उभा असेल, तर तो बहुधा १९८६ नंतरचा. साल नक्की नसेल तर ‘१९७० च्या आसपास’ लिहावं. सभागृहात चूक दाखवणारी एक तरी आत्या असतेच, आणि तिचं बरोबर असतं.

आता ओळी. फोटोत जे दिसतंच आहे ते लिहू नये. ‘आजी-आजोबांचे लग्न’ ही ओळ काहीच देत नाही. ‘म्हापसा, मे १९६७. शालू थोरल्या बहिणीने निवडला’ ही ओळ देते. अशा ओळी आजीकडूनच मिळतात. उतरवलेले फोटो तिच्यासमोर एकेक करून ठेवा, फोनवर आवाज नोंदवा आणि ‘हे कोण?’ यापेक्षा ‘ह्या दिवशी काय चाललं होतं?’ असं विचारा. एका बैठकीत पंधरा-वीस फोटो पुरे, नंतर ती दमते. तिचा शब्द तसाच ठेवा: ती ‘चवथ’ म्हणत असेल तर ‘गणेशोत्सव’ करू नका, ‘माटोळी’ला माटोळीच राहू द्या. ओळ आठ-दहा शब्दांत संपावी, कारण सहा सेकंदांत फोटोही बघायचा असतो. दर फोटोला ओळ हवीच असंही नाही. सलग तीन फोटो एकाच चवथीचे असतील तर पहिल्याला पुरे.

आजोबा हयात नसतील तर त्यांचे फोटो त्यांच्या त्यांच्या प्रकरणातच ठेवा. त्यांना हार घातलेला फोटो शेवटी लावला की सगळा समारंभ तिथेच थांबतो. आणखी एक तपासणी जरूर करा: कागदावर चारही मुलांची घरं लिहून कोण किती फोटोंत आलं याच्या खुणा करा. संगणकावर काम करणाऱ्याचंच घर जास्त येतं, आणि एखादी सून किंवा नातू एकदाही आलेला नसतो. हे कार्यक्रमाच्या दिवशी कळलं तर दुरुस्त करता येत नाही.

पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड १६:९ ठेवा. उभा फोटो ताणून भरू नका. तो डावीकडे लावा आणि उजवीकडच्या जागेत ओळ लिहा. अक्षर किमान ३६ आकाराचं, गडद पार्श्वभूमीवर पांढरं. Transitions मध्ये ‘On Mouse Click’ काढून ‘After’ला 00:06 द्या, शीर्षकांना 00:04. मग Export, Create a Video निवडून फुल एचडी व्हिडिओ करा. मूळ फाइल सभागृहातल्या संगणकावर उघडली आणि तिथे तुमचा मराठी फॉन्ट नसला तर अक्षरं बदलतात, ओळी फोटोवर घसरतात. व्हिडिओत अक्षरं चित्रासारखी पक्की होतात.

व्हिडिओ पेनड्राइव्हवर घाला आणि आदल्या दिवशी त्याच सभागृहातल्या टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर, कार्यक्रमाच्याच वेळेला, शेवटच्या खुर्चीत बसून पाहा. प्रोजेक्टर असेल तर दुपारच्या उजेडात जुने करडे फोटो पुसटून जातात. पडदे लावता येत नसतील तर टीव्ही मागवा. आजीची खुर्ची पडद्यापासून आठ-दहा फुटांवर ठेवा आणि चष्मा तिच्याजवळ आहे ना ते पाहून मगच सुरू करा.