फुटबॉल लीगचा सीझन सिम्युलेट करताना टीमची ताकद फिक्स ठेवू नका

१०,००० सीझन चालवले तरी प्रत्येक वेळी टीमचं रेटिंग तेच ठेवलं तर टोकाचे निकाल फारच कमी येतात, आणि नेमकी तिथेच टॉप-फोर नि रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये जाण्याच्या, बेटची किंमत चुकते. म्हणून प्रत्येक सीझनच्या सुरुवातीला रेटिंग थोडं हलवा, पण एकदाच, आणि मग ३८ही मॅच त्याच रेटिंगने खेळवा. दर मॅचला हलवलंत तर चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात, फारसा फरकच पडत नाही (हीच चूक मी सर्वात जास्त बघतो). समजा मधल्या टीमच्या रेलिगेशनची शक्यता २% वरून ५% झाली, तर फेअर ऑड्स ५० वरून थेट २० वर येतात! शेवटी बेरीज बघा, तीन टीम खाली जात असतील तर सगळ्या टीमची रेलिगेशनची शक्यता मिळून ३००% यायलाच हवी.