पंप वाचवणारा कंट्रोलर उशिरा का जागा व्हायचा

आमच्या पंपाच्या डिस्चार्ज व्हॉल्व्हवर दोन कंट्रोलर आहेत. एक फ्लो सांभाळतो, दुसरा सक्शन प्रेशर १ बारखाली जाऊ देत नाही. लो सिलेक्टर दोघांपैकी कमी आउटपुट व्हॉल्व्हला देतो. तरीही टाकीची पातळी उतरली की प्रेशर ०.६ बारवर येऊन पंप ट्रिप व्हायचा.

ट्रेंड उघडला तेव्हा कारण दिसलं. व्हॉल्व्ह ६० टक्क्यांवर होता, पण प्रेशर कंट्रोलरचं आउटपुट तासन्‌तास १०० वर सपाट रेषेत. त्याची निवड होत नसतानाही इंटिग्रल साचत राहिलं होतं. प्रेशर १ बारखाली गेल्यावर १०० वरून ६० पर्यंत उतरण्यातच वेळ जायचा.

ट्यूनिंगला मी मुद्दाम हात लावला नाही. सिलेक्टरचं आउटपुट दोन्ही कंट्रोलरना एक्स्टर्नल रीसेट म्हणून परत जोडलं, म्हणजे इंटिग्रल स्वतःहून साचत न राहता व्हॉल्व्हला खरोखर मिळणाऱ्या आउटपुटच्या मागे राहतं. फक्त प्रेशर कंट्रोलरला जोडून भागत नाही. प्रेशर कंट्रोलरकडे ताबा असताना फ्लोचा कंट्रोलर तसाच साचतो.

आता प्रेशर १.८ बार असताना प्रेशर कंट्रोलरचं आउटपुट ७६ वर असतं: व्हॉल्व्हचे ६०, अधिक ०.८ बारच्या फरकाचे १६, कारण गेन बारला २० टक्के आहे. प्रेशर उतरतं तसा हा फरक मिटतो आणि १ बारच्या आसपास ताबा बदलतो. ट्रिपची सेटिंग मात्र तशीच ठेवली आहे.