पीएस४ वरून पीएस५ वर जाताना या चुका टाळा: गेम आला, पण सेव्ह कुठे गेला?

नवीन कन्सोल घरी आला की आमच्या ओळखीतल्या मुलांचे मला फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, गेम सगळे आले, पण माझी प्रोग्रेस दिसत नाही." दर वेळी कारण तीन-चार ठरावीक चुकांपैकीच एखादं निघतं. त्यातल्या एका चुकीवर तर नंतर इलाज नसतो. म्हणून आधी तीच सांगतो.

एक्स्टर्नल ड्राइव्ह काढून नव्या मशीनला लावणं, आणि काम झालं असं समजणं

माझ्या मामेभावाचं उदाहरण घ्या. त्याचे पीएस४ वरचे सगळे गेम दोन टीबीच्या यूएसबी हार्ड डिस्कवर होते. पीएस५ आल्यावर त्याने ती डिस्क जुन्या कन्सोलची काढून नव्याला लावली. पीएस४ ने फॉरमॅट केलेली डिस्क पीएस५ ओळखतो, त्यामुळे दोन मिनिटांत सगळे गेम स्क्रीनवर हजर झाले. त्याने मला खुशीत फोन केला की नेटवर्क ट्रान्सफर वगैरेची गरजच पडली नाही. त्याच दुपारी त्याने पीएस४ इनिशियलाइज करून, म्हणजे पूर्ण पुसून, एका मित्राला देऊन टाकला.

संध्याकाळी त्याने 'ब्लडबोर्न' उघडला. मेनूत फक्त नवीन गेम सुरू करायचा पर्याय होता, 'कंटिन्यू' नव्हताच. प्रोफाइलवर ट्रॉफ्या मात्र जशाच्या तशा होत्या. कोणता बॉस कधी मारला त्याच्या तारखासुद्धा होत्या, कारण ट्रॉफ्या सर्व्हरवर नोंदलेल्या असतात. त्यामुळे त्याला वाटत राहिलं की सेव्ह कुठेतरी असणारच. आम्ही रात्री अकरापर्यंत शोधलं. सेव्ह कुठेच नव्हता.

याचं कारण साधं आहे, पण माहीत असायला हवं. पीएस४ वर गेम, अपडेट आणि डीएलसी एक्स्टर्नल डिस्कवर जातात. सेव्ह जात नाहीत. सेव्ह कायम कन्सोलच्या आतल्या डिस्कवर राहतात, गेम कुठेही ठेवलेला असो. मामेभावाने गेम उचलून आणले आणि सेव्ह ज्या डिस्कवर होते ती स्वतःच्या हाताने पुसून टाकली. पीएस प्लसची वर्गणी चालू नव्हती, म्हणून क्लाउडवरही काही नव्हतं. दीडशे तासांचा खेळ गेला, आणि मला त्याला नुसतं "गेलं" एवढंच सांगता आलं. ते सांगताना फार वाईट वाटलं.

डिस्क हलवणं ही पद्धत चुकीची नाही, मी स्वतः तेच करतो. पीएस४ चे गेम पीएस५ वर एक्स्टर्नल डिस्कवरूनही चालतात, मग चारशे जीबी उगाच इकडून तिकडे कशाला न्यायचे? फक्त सेव्ह वेगळे न्यावे लागतात. क्लाउड नसेल तर त्याला दोन वाटा आहेत: नेटवर्कवरून ट्रान्सफर किंवा पेन ड्राइव्ह. मी दोन्ही करतो. आधी पीएस४ वर

```
Settings > Application Saved Data Management > Saved Data in System Storage > Copy to USB Storage Device
```

इथे जाऊन सगळे सेव्ह पेन ड्राइव्हवर उतरवून घेतो. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. सेव्ह गेमच्या मानाने लहान असतात, त्यामुळे साधा जुना पेन ड्राइव्ह पुरतो. ही कॉपी हातात असली की पुढे काहीही बिघडलं तरी जीव टांगणीला लागत नाही.

पहिल्याच फेरीत सगळं न्यायला जाणं

नेटवर्क ट्रान्सफरसाठी दोन्ही कन्सोल एकाच नेटवर्कवर हवेत, दोन्हीवर एकच अकाउंट लॉग इन केलेलं हवं आणि पीएस४ चं सिस्टिम सॉफ्टवेअर अद्ययावत हवं. मग पीएस५ वर `Settings > System > System Software > Data Transfer` मध्ये जायचं. तो पीएस४ शोधतो आणि पीएस४ चं पॉवर बटण दाबून धरायला सांगतो. एक सेकंद, बीप वाजेपर्यंत. घाबरून सात-आठ सेकंद दाबून ठेवलं तर पीएस४ बंदच होतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. सुरुवातीच्या जाड पीएस४ वर पॉवर आणि इजेक्ट ही दोन्ही टचची बटणं एकाच उभ्या रेषेत आहेत. वरचं पॉवर, खालचं इजेक्ट. अंधारात चाचपडू नका, टॉर्च लावून बघा.

यानंतर काय न्यायचं ते विचारलं जातं, आधी सेव्ह आणि मग गेम. इथे जवळजवळ सगळे नवखे घाईघाईत सगळ्यावर टिक करतात. मी पहिल्या फेरीत फक्त सेव्ह नेतो, एकही गेम नाही. ते लवकर उरकतं. मग पीएस५ वर `Saved Data and Game/App Settings > Saved Data (PS4)` उघडून यादी डोळ्यांखालून घालतो. सगळं आलं असेल तर गेमसाठी दुसरी फेरी, तीही रात्री. सगळं एकदम लावून मध्येच काही अडकलं तर काय आलं आणि काय राहिलं हे शोधण्यात अख्खा दिवस जातो. पाच मिनिटं वाचवायला जाऊन एक दिवस घालवणारे मी खूप पाहिलेत.

वाय-फायवर चारशे जीबी सोडणं

पहिल्या पिढीच्या पीएस४ चं वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. स्लिम आणि प्रोमध्ये ५ गिगाहर्ट्झ आलं. समजा त्या जुन्या वाय-फायवर प्रत्यक्षात ३० मेगाबिट वेग मिळाला, म्हणजे सेकंदाला पावणेचार एमबीच्या आसपास. चारशे जीबीला जवळजवळ तीस तास लागतील. दोन्ही कन्सोलच्या लॅन पोर्टची क्षमता एक गिगाबिट आहे. केबल लावल्यावर अडथळा उरतो तो पीएस४ च्या जुन्या हार्ड डिस्कचा. तिने सेकंदाला ६० एमबी दिले असं धरलं तरी तेवढंच काम दोन तासांच्या आत होतं.

केबल दोन प्रकारे लावता येते. दोन्ही कन्सोल राउटरला जोडा, किंवा दोन्हींच्या मध्ये थेट एकच केबल लावा. थेट लावताना एक घोळ मी बऱ्याच ठिकाणी पाहिला आहे. लोक केबल लावतात आणि नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन इंटरनेट 'लॅन'वर घेतात. त्या केबलच्या दुसऱ्या टोकाला तर पीएस४ आहे, तिथून इंटरनेट येणार कुठून? दोन्ही कन्सोलचं इंटरनेट वाय-फायवरच राहू द्या, केबल नुसती खोचा.

केबलही बघून घ्या. जुन्या, आत चारच तारा असलेल्या केबलवर वेग १०० मेगाबिटवर अडतो, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त बारा एमबी. केबलच्या वेष्टनावर CAT5E किंवा CAT6 छापलेलं असतं. पिनची प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर ती केबल वापरू नका. धक्का लागला की ती पोर्टातून सरकते आणि ट्रान्सफर तुटतं.

पीएस५ ला पीएस४ सापडतच नसेल तर आधी बघा, एक कन्सोल घरच्या मुख्य वाय-फायवर आणि दुसरा गेस्ट नेटवर्कवर तर नाही ना. गेस्ट नेटवर्कवरच्या उपकरणांना राउटर सहसा मुख्य नेटवर्कवरच्या उपकरणांशी बोलू देत नाही.

पीएस५ ची आवृत्ती उघडून "सेव्ह आला नाही" म्हणणं

ही चूक मी स्वतः केली आहे. 'फायनल फँटसी ७ रीमेक'चा सेव्ह मी रीतसर नेला होता, यादीत तो दिसतही होता. मग पीएस५ ची आवृत्ती उतरवली, सुरू केली, आणि लोड करायला काहीच नाही. तासभर मी ट्रान्सफरला दोष देत बसलो. ट्रान्सफरचं काहीच चुकलं नव्हतं. त्या गेमच्या पीएस४ आणि पीएस५ आवृत्त्या आपापले सेव्ह वेगळे ठेवतात, आणि एकीचा सेव्ह दुसरी आपोआप वाचत नाही.

शेवटी असं केलं. पीएस४ ची आवृत्ती पीएस५ वरच इन्स्टॉल केली आणि तिचा अपडेट पूर्ण उतरू दिला, कारण लागणारा पर्याय अपडेटनेच येतो. ती सुरू केली, मुख्य मेनूतून सेव्ह अपलोड केला. मग ती बंद करून पीएस५ ची आवृत्ती उघडली, तिच्या मेनूतून सेव्ह डाउनलोड केला, आणि खेळ जिथे सोडला होता तिथून सुरू झाला. यासाठी जुना कन्सोल लागला नाही, पण पीएस४ ची आवृत्ती चालवावी लागली. 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन'मध्येही पीएस४ च्या गेममधून सेव्ह बाहेर काढून रीमास्टर्डमध्ये घ्यावा लागतो. काही गेम पीएस४ चा सेव्ह स्वतःच वाचतात, त्यांना हे काहीच लागत नाही. प्रत्येक गेमचं वेगळं असतं, म्हणून पीएस४ ची आवृत्ती डिलीट करण्याआधी पीएस५ च्या आवृत्तीत एकदा सेव्ह लोड करून बघा.

कोणती आवृत्ती चालू आहे हेच अनेकांना कळत नाही. दोन्ही इन्स्टॉल असतील तर गेमच्या पानावर प्लेच्या शेजारी तीन टिंबांचं बटण असतं, त्यात आवृत्ती निवडता येते. सेव्ह "गायब" झाल्याची निम्मी प्रकरणं मी तिथेच सोडवली आहेत.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. पीएस४ गेमचे सेव्ह पीएस५ वरूनही पेन ड्राइव्हवर उतरवता येतात, पीएस५ गेमचे उतरवता येत नाहीत. सेव्ह एकदा पीएस५ च्या आवृत्तीत गेला की पुढच्या प्रगतीसाठी पेन ड्राइव्हचा आधार संपला. म्हणून माझा मूळचा पीएस४ चा सेव्ह अजून पेन ड्राइव्हवर तसाच आहे.

बाकीच्या, थोडक्यात

नव्या कन्सोलवर नवीन अकाउंट काढू नका. सेव्ह अकाउंटला बांधलेले असतात.

डिस्क ड्राइव्ह नसलेला पीएस५ घेतला असेल तर डिस्कवरून इन्स्टॉल केलेले गेम नेऊन उपयोग नाही. गेम येईल, पण सुरू होताना डिस्क मागेल.

सगळे गेम आतल्या स्टोरेजमध्ये भरू नका. पहिल्या ८२५ जीबीच्या पीएस५ वर वापरायला सुमारे ६६७ जीबीच मिळतात, आणि पीएस५ चे गेम यूएसबी डिस्कवरून चालत नाहीत. आतली जागा त्यांच्यासाठी ठेवा.

ट्रान्सफर होण्याआधी तोच गेम नव्या कन्सोलवर "बघू जरा" म्हणून सुरू करू नका. एकाच गेमचे दोन सेव्ह तयार होतात, आणि पुढे कोणता ठेवायचा हे तारखा बघत ठरवावं लागतं.

जुना कन्सोल लगेच देऊन टाकणं

माझा पीएस४ महिनाभर टीव्हीच्या मागे वायर लावलेल्या अवस्थेत होता. तेवढ्या काळात मी प्रत्येक गेम पीएस५ वर उघडला, सेव्ह लोड केला, पात्राला दोन पावलं चालवलं आणि नव्याने सेव्ह केलं. एका गेमचा सेव्ह पहिल्या फेरीत टिक करायचा राहून गेला होता, तो तिसऱ्या आठवड्यात सापडला. पीएस४ घरात होता म्हणूनच तो आणता आला. त्यानंतर `Account Management > Activate as Your Primary PS4` मध्ये जाऊन तो प्रायमरी म्हणून डीॲक्टिव्हेट केला, आणि मगच `Initialization` उघडलं.